फोटोतल्या स्टेटमेंटची यादी: नावे-जमा शिलकेवरून ठरवा

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण सोसायटीचं खातं एका सहकारी बँकेत आहे. आधीच्या खजिनदारांनी वर्षभराच्या स्टेटमेंटचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, मूळ कागद आता सापडत नाहीत. ऑडिटरना एक्सेलमध्ये तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक अशी यादी हवी आहे. मोबाइलच्या अ‍ॅपने मजकूर काढून पाहिला, पण नावे-जमा एकमेकांत मिसळतात आणि शेवटची शिल्लक जुळत नाही. कुठे चुकलंय ते शोधायचं कसं?

उत्तर:

फोटोवर मेहनत घेण्याआधी बँकेत एकदा विचारा. नेट बँकिंग नसलं तरी शाखेतून ईमेलवर पीडीएफ स्टेटमेंट मिळतं का ते बघा. मिळालं तर उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला, तर बहुधा आत खरा मजकूर आहे आणि फोटो वाचण्याची गरजच उरत नाही. पीडीएफमध्येही नुसती स्कॅन केलेली चित्रं असतील, किंवा बँक पटकन देत नसेल, तर मात्र पुढची पद्धत वापरा. संस्थांचे आणि दुकानदारांचे हिशेब लिहिताना मी ती कायम वापरतो.

आधी नावे-जमा का मिसळतात ते बघू. छापील स्टेटमेंटवर रक्कम नावे आहे की जमा, हे ती कागदावर कुठे छापली आहे यावरूनच कळतं. एका ओळीत दोन्हीपैकी एकच रकाना भरलेला असतो आणि दुसरा कोरा. फोटो वाचणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ओसीआर, अक्षरं आणि आकडे उचलतं, पण कोरी जागा त्याच्या हाती लागत नाही. त्यामुळे प्रत्येक ओळीतून तुमच्याकडे येतात तारीख, तपशील, एक रक्कम आणि एक शिल्लक. ती रक्कम डावीकडची होती की उजवीकडची, ही माहिती वाटेतच गळालेली असते. फोटो थोडा तिरका असेल तर टेबल ओळखणारी अ‍ॅपसुद्धा एका ओळीची रक्कम शेजारच्या रकान्यात टाकतात.

म्हणून ओसीआरकडून नावे-जमा ठरवून घेऊच नका. त्याच्याकडून फक्त रक्कम आणि शिल्लक घ्या. नावे की जमा हे शिल्लक सांगते: शिल्लक तेवढ्याच रकमेने वाढली तर जमा, तेवढ्याच रकमेने घटली तर नावे. आणि दोन्ही नसेल, तर त्या ओळीत किंवा तिच्या शेजारी काहीतरी चुकीचं वाचलं गेलंय. शेवटची शिल्लक जुळते का ते बघण्यात फारसा अर्थ नाही. ती फक्त चूक आहे एवढंच सांगते. ओळीओळीची शिल्लक चूक कुठे आहे आणि कोणत्या जातीची आहे, तेही सांगते.

आता फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक छपाईतले आकडे फुटतात. आधीच्या खजिनदारांच्या फोनमध्ये मूळ फोटो अजून असतील तर तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ते जसेच्या तसे येतात. एवढ्या एका गोष्टीने निम्म्या चुका मुळातच होत नाहीत. पुन्हा फोटो काढायची संधी मिळाली तर कागद सपाट ठेवा, फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या आणि एका फोटोत एकच पान घ्या, चारही कोपरे दिसतील असं. पासबुक असेल तर घडीजवळच्या ओळी वाकतात, म्हणून घडीच्या वरचं आणि खालचं पान वेगवेगळं घ्या.

पानं तीन-चारच असतील तर माझं मत स्पष्ट आहे: ओसीआरच्या वाटेला जाऊ नका, हाताने टाइप करा. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने कीबोर्डच्या नंबर पॅडवर आकडे मारायचे, हे चुकीचं ओसीआर दुरुस्त करत बसण्यापेक्षा लवकर होतं. वर्षभराची पानं असतील तर मात्र ओसीआर वापरा. एक्सेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये चित्रातून डेटा घेण्याची सोय आहे. गूगल ड्राइव्हवर टाकलेला फोटो गूगल डॉक्समध्ये उघडला तरी त्यातला मजकूर मिळतो. संगणकावर काम करायची सवय असेल तर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर सगळ्यात सोयीचं, कारण ते तुमच्याच संगणकावर चालतं:

```
tesseract pan1.png pan1 -l eng --psm 6 -c preserve_interword_spaces=1
```

इथे `--psm 6` म्हणजे पान हा एकसलग मजकूर समज, आणि शेवटचा भाग म्हणजे शब्दांमधल्या मोकळ्या जागा शक्यतो राहू दे. ज्या अनोळखी संकेतस्थळांवर फाइल चढवली की एक्सेल मिळतं, तिथे सोसायटीचं स्टेटमेंट टाकू नका. त्यावर खाते क्रमांक आणि पत्ता असतो, आणि मेंटेनन्स भरणाऱ्या प्रत्येक सभासदाचं नाव असतं.

मिळालेला मजकूर शीटमध्ये चिकटवण्याआधी तारखेचा आणि रकमेचे रकाने निवडून त्यांचा प्रकार Text करा. ही पायरी लोक हमखास गाळतात. संगणकाची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर 05/04/24 ही पाच एप्रिलची तारीख एक्सेल गुपचूप चार मे करतं, आणि 13/04/24 त्याला समजत नाही म्हणून तशीच सोडून देतं. असं झालंय का ते ओळखायची खूण सोपी आहे: एकाच रकान्यात बारा तारखेपर्यंतच्या नोंदी उजवीकडे चिकटलेल्या दिसतात आणि तेरापासून पुढच्या डावीकडे. रकाना आधीच Text असेल तर तारीख अक्षरशः जशी छापली तशी राहते, आणि मग तुम्ही स्वतः तिची तारीख बनवता:

```
=DATE(2000+RIGHT(A3,2), MID(A3,4,2), LEFT(A3,2))
```

रकमांचं दुखणं निराळं. ओसीआर स्वल्पविरामाला टिंब समजतं आणि टिंबाला स्वल्पविराम, मध्येच एखादी मोकळी जागाही सोडतं. 23,850.00 ही रक्कम कधी 23.850.00 अशी येते, कधी 23,850,00 अशी. पण बँक पैसे नेहमी दोन अंकांत छापते. म्हणून सगळे स्वल्पविराम, टिंबं आणि मोकळ्या जागा काढून टाका आणि उरलेल्या आकड्याला शंभराने भागा. कच्चा मजकूर J रकान्यात आहे असं धरलं तर:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(J3,",",""),".","")," ","")/100
```

शून्याच्या जागी O किंवा एकाच्या जागी l आला असेल तर इथे #VALUE! दिसेल. ते दिसलेलं चांगलंच. जी चूक ओरडून सांगते ती त्रास देत नाही. शिलकेच्या पुढे Cr छापलेलं असेल तर तेही असंच काढून टाका. पण काढण्याआधी डोळे उघडे ठेवा. कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट खात्यात शिलकेपुढे Dr असतं, म्हणजे खातेदार बँकेचं देणं लागतो. ती शिल्लक शीटमध्ये उणे चिन्ह लावूनच घ्यायची. सोसायटीच्या बचत खात्यात हा प्रसंग सहसा येत नाही, पण दुकानदारांच्या खात्यात रोजचा आहे.

आता मुख्य काम. A मध्ये तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये वाचलेली रक्कम, D मध्ये वाचलेली शिल्लक. दुसऱ्या ओळीत फक्त आरंभीची शिल्लक, जिच्यासमोर B/F किंवा Opening Balance छापलेलं असतं. तिसऱ्या ओळीपासून E म्हणजे नावे, F म्हणजे जमा आणि G म्हणजे शंका:

```
E3: =IF(ROUND(D3-D2+C3,2)=0, C3, "")
F3: =IF(ROUND(D3-D2-C3,2)=0, C3, "")
G3: =IF(AND(E3="",F3=""), ROUND(D3-D2,2), "")
```

तिन्ही सूत्रं खालपर्यंत ओढा. ज्या ओळीचा हिशेब बसतो तिची रक्कम आपोआप नावे किंवा जमा रकान्यात जाते. ज्या ओळीचा बसत नाही तिथे दोन्ही रकाने कोरे राहतात आणि G मध्ये शिलकेतला प्रत्यक्ष फरक दिसतो. `ROUND` मुद्दाम ठेवलंय. ते नसेल तर दशांशांच्या बारीक अवशेषांमुळे बरोबर ओळीसुद्धा चुकीच्या ठरतात. स्टेटमेंट उलटं छापलेलं असेल, म्हणजे सगळ्यात नवी नोंद वर, तर जवळजवळ प्रत्येक ओळ शंकेत जाते किंवा नावे-जमा उलटसुलट दिसतात. अशा वेळी ओळी उलट्या क्रमाने लावून घ्या. मात्र तारखेवरून सॉर्ट करू नका, कारण एकाच दिवसाच्या चार नोंदींचा आपापसातला क्रम त्यात बिघडेल. आधी अनुक्रमांकाचा रकाना घाला आणि त्यावरून उलटा करा.

एक पान सोडवून दाखवतो. सोसायटीचा एप्रिल २०२४ चा पहिला भाग आहे असं समजा. आकडे स्टेटमेंटवर जसे असतात तसेच इथे लिहिलेत. ओसीआर आणि साफसफाई झाल्यावर शीटमध्ये हे आलं:

```
         B/F                     184312.50
02/04/24 NEFT CR       6300.00   190612.50
03/04/24 CHQ 000417   28850.00   166762.50
05/04/24 UPI CR        3150.00   169912.50
08/04/24 MSEDCL       11470.00   161592.50
10/04/24 CHQ DEP       9450.00   177042.50
10/04/24 SMS CHRG        17.70   171024.80
12/04/24 CHQ 000418    8600.00   162424.80
```

सूत्रं लावली की पहिली ओळ जमा म्हणून बसते, पाच तारखेची 3150 जमा म्हणून बसते आणि शेवटचा 8600 चा चेक नावे म्हणून बसतो. बाकी चार ओळी शंकेत जातात. एकेक घेऊ.

तीन तारखेच्या चेकसमोर G मध्ये येतं -23850. वाचलेली रक्कम 28850. फरक बरोबर 5000, आणि महत्त्वाचं म्हणजे लगेच पुढची ओळ बिनतक्रार बसली आहे. पुढची ओळ बसली याचा अर्थ या ओळीची शिल्लक बरोबर वाचली आहे, चूक रकमेत आहे. पाच हजारांचा फरक म्हणजे हजारांच्या स्थानावरचा एकच अंक पाचाने चुकला: 3 च्या जागी 8. फिकट छपाईत 3 ची उघडी बाजू बुजली की हेच होतं. फोटो मोठा करून तो एक अंक बघायचा आणि 23850 करायचं.

आठ तारखेच्या वीजबिलासमोर फरक आहे -8320, आणि वाचलेली रक्कम 11470. इथेही पुढच्या ओळीवरून काही ठरवण्याआधी दोन्हींमधलं अंतर काढा: 3150. हे अंतर एका अंकाच्या चुकीसारखं दिसत नाही. एक अंक चुकला की अंतरात एकच अंक आणि मागे शून्यं असतात, जसं 5000, 600, 20. 3150 ही तर एक जिवंत रक्कम आहे, मेंटेनन्सचीच. शिल्लक अपेक्षेपेक्षा 3150 ने कमी घटली आहे, म्हणजे मध्ये 3150 ची एक जमा होती आणि ती ओळ गळाली. फोटोत बघितलं तर पाच तारखेला एकाखाली एक दोन सभासदांचे 3150 आलेले दिसतील. कधी ओसीआर अशी जवळजवळ सारखी ओळ गाळतं, तर कधी माणूसच ती दुबार समजून काढून टाकतो. रक्कम आणि तारीख सारखी असली तरी शिल्लक वेगळी असेल तर नोंद दुबार नसते. पहिल्या नोंदीनंतर शिल्लक 169912.50 आणि दुसरीनंतर 173062.50. ही ओळ मध्ये घातली की वीजबिलाची ओळ आपोआप नावे रकान्यात बसते. खरी दुबार नोंद वेगळी दिसते: पानांचे फोटो एकमेकांवर चढले असतील तर रकमेसकट शिल्लकही तंतोतंत तीच पुन्हा येते.

दहा तारखेच्या दोन ओळी एकत्र वाचायच्या. चेक जमेसमोर फरक 15450, रक्कम 9450, अंतर 6000. लगेच खाली एसएमएस शुल्कासमोर फरक -6017.70, रक्कम 17.70, अंतर पुन्हा 6000, पण उलट दिशेने. लागोपाठ दोन ओळींत तेवढंच अंतर आणि दिशा उलट, म्हणजे दोन्ही रकमा बरोबर आहेत आणि वरच्या ओळीची शिल्लक चुकीची वाचली गेली आहे. एक शिल्लक दोन ओळींच्या हिशेबात येते, म्हणून ती चुकली की दोन्ही ओळी बिघडतात. सहा हजारांचं अंतर म्हणजे 1 आणि 7 यांची गफलत: 171042.50 च्या जागी 177042.50. एक अंक सुधारला की दोन्ही शंका एकदम मिटतात. शुल्काची रक्कमही विश्वास ठेवावा अशीच आहे: पंधरा रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी मिळून 17.70 होतात.

या पानावर न आलेल्या दोन जाती राहिल्या. अंतराला नऊने पूर्ण भाग जात असेल तर हाताने टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटे झालेत का ते बघा. 4850 च्या जागी 4580 मारलं तर अंतर 270. ओसीआर ही चूक करत नाही, माणूस करतो. आणि अंतर रकमेच्या नव्व्याण्णव पट असेल तर पैशांची दोन शून्यं रुपयांत गेली आहेत. 1250.00 चे 125000 झाले की अंतर 123750 येतं. वर दिलेलं शंभराने भागायचं सूत्र वापरलं तर याच्या उलट चूक होऊ शकते. छापलेले पैसे ओसीआरला दिसलेच नाहीत तर 1250 चे साडेबारा रुपये होतात. तेही ओळ न बसल्यामुळे लगेच उघडं पडतं.

दुरुस्ती करताना एक शिस्त पाळा. शिलकेच्या हिशेबाने चूक कुठे आहे ते सांगितलं, तरी आकडा फोटो बघूनच बदला. सूत्राला पटेल असा आकडा टाकला की ओळ बसते, पण खाली खरी चूक दडून राहू शकते. फोटोत आकडा दिसला तर तो भरा. शाईचा डाग पडलाय किंवा घडीत गेलाय म्हणून अजिबात दिसत नसेल, तर शिलकेच्या फरकावरून रक्कम भरा, पण तो खाना पिवळा करा आणि शेजारी लिहा, 'रक्कम शिलकेवरून'. ऑडिटरला अशी नोंद दिसली की तो तेवढीच तपासतो. खुणा नसतील तर त्याला सगळंच संशयास्पद वाटतं. आणि शेवट जुळावा म्हणून 'फरक' नावाची एखादी नोंद घुसडणं तर कधीच करू नका. सोसायटीच्या हिशेबात ती पुढच्या प्रत्येक वर्षी प्रश्न विचारत राहते.

शिलकेवरून रक्कम काढण्याला एक मर्यादा आहे. एकच ओळ गेली असेल तर तिची रक्कम आणि दिशा दोन्ही नेमकी निघतात. लागोपाठ दोन ओळी पूर्ण गेल्या असतील तर फक्त त्यांची बेरीज-वजाबाकी कळते. शिल्लक 4000 ने घटली म्हणून 2500 आणि 1500 असे दोन खर्च होते, की 10000 जमा आणि 14000 खर्च होता, हे शिल्लक सांगू शकत नाही. अशा जागी अंदाज बांधू नका.

सगळ्या ओळी बसल्या तरी तीन गोष्टी या तपासणीतून निसटतात. त्या वेगळ्या बघाव्या लागतात.

पहिली, आणि सगळ्यात फसवी: एकमेकांना खोडणाऱ्या दोन ओळी. यूपीआयने पैसे गेले, व्यवहार फसला आणि तेवढेच पैसे परत आले. या दोन्ही ओळी लागोपाठ असतील आणि दोन्ही गळाल्या असतील, तर शिल्लक जिथल्या तिथे येते आणि सूत्र काहीच बोलत नाही. चेक परत आल्याची नोंदही याच जातीची. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक पानावरच्या नोंदी फोटोवर बोट ठेवून मोजा आणि शीटमधल्या त्या पानाच्या ओळींशी ताडून बघा. त्यासाठी शीटमध्ये पान क्रमांकाचा एक रकाना सुरुवातीपासून ठेवा. काही बँका स्टेटमेंटच्या शेवटी नावे आणि जमा नोंदींची संख्या आणि एकूण रकमा छापतात. ते असेल तर सोन्यासारखं, कारण ती खरी स्वतंत्र तपासणी आहे. 'आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर अखेरची शिल्लक' हे समीकरण मात्र स्वतंत्र नाही. प्रत्येक ओळ बसली असेल तर ते बसणारच, त्यातून नवीन काही कळत नाही.

दुसरी, अगदी शेवटची ओळ. तिची शिल्लक तपासणारी पुढची ओळच नसते. रक्कम आणि शिल्लक दोन्ही एकाच अंकाने चुकीच्या वाचल्या गेल्या तर कळणार नाही. शेवटची ओळ डोळ्यांनी फोटोशी ताडा, आणि प्रत्येक पानाची शेवटची शिल्लक पुढच्या पानाच्या B/F शी जुळते का ते बघा. मधलं एखादं पान फोटो काढायचं राहून गेलं असेल तर तेही इथेच कळतं.

तिसरी, तारीख आणि तपशील. शिलकेला त्यांच्याशी देणंघेणं नाही. तारखांसाठी एवढं बघा की वरून खाली येताना तारीख मागे जात नाही. काही स्टेटमेंटवर व्यवहाराची तारीख आणि व्हॅल्यू डेट असे दोन रकाने असतात. यादीत एकच घ्यायची असेल तर व्यवहाराची घ्या, शिल्लक त्या क्रमाने चालते. यूपीआयच्या नोंदीत तारीख तपासायची एक छान सोय आहे. तिचा बारा अंकी संदर्भ क्रमांक बहुतेक वेळा वर्षाच्या शेवटच्या अंकाने सुरू होतो आणि पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. वरच्या पाच एप्रिलच्या नोंदीचा क्रमांक 4096 ने सुरू व्हायला हवा: २०२४ लीप वर्ष, म्हणून मार्चअखेर एक्क्याण्णव दिवस, अधिक पाच. तारीख पुसट असेल तेव्हा हा आधार कामाला येतो. शंका मिटवायला तो पुरतो, पुरावा म्हणून मात्र वापरू नका. तपशिलात चेक नंबर आणि संदर्भ क्रमांक तेवढे नीट तपासा. नावांतली एखाद-दुसरी अक्षरं चुकली तरी यादीचं काही अडत नाही, पण चेक नंबर चुकला तर ऑडिटरला व्हाउचर सापडत नाही.

सगळं बसल्यावर A ते F हे रकाने निवडून नव्या शीटवर फक्त मूल्यं म्हणून चिकटवा, सूत्रं नकोत. जुनी शीट कच्ची प्रत म्हणून तशीच राहू द्या. नव्या शीटमध्ये तारीख, तपशील, नावे, जमा आणि छापील शिल्लक एवढेच रकाने याच क्रमाने ठेवा. त्यांच्या शेजारी नव्याने मोजलेली शिल्लक ठेवा. छापील शिल्लक E मध्ये असेल तर F2 मध्ये आरंभीची शिल्लक लिहा आणि F3 पासून:

```
=ROUND(F2-N(C3)+N(D3),2)
```

यानंतर कोणी चुकून ओळ खोडली किंवा सॉर्ट केली, तर F मध्ये #REF! येतं किंवा E आणि F लगेच वेगळे दिसतात. छापील शिल्लक काढून टाकून फक्त मोजलेली ठेवणाऱ्या याद्या मला ऑडिटसाठी येतात. त्या कधीच चुकत नाहीत असं दिसतं, कारण चूक दाखवणारा रकानाच त्यांत उरलेला नसतो.

टॅलीत किंवा सोसायटीच्या कीर्दीत नोंदवताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. स्टेटमेंट बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं. बँकेने जमा केलेली रक्कम तुमच्या पुस्तकात बँक खात्याला नावे पडते. यादीत मात्र बँकेचेच शब्द ठेवा, उलटापालट करू नका, नाहीतर स्टेटमेंटशी ताडताना दोघांचाही गोंधळ होतो.

शेवटी बँकेत जा, पण नेमकं काम घेऊन. पिवळ्या केलेल्या नोंदी, लागोपाठ गेलेल्या ओळींच्या तारखा आणि हरवलेली पानं यांचीच यादी करा आणि शाखेत तेवढ्याच कालावधीचा उतारा मागा. अख्ख्या वर्षाच्या मागणीपेक्षा चार तारखांची मागणी लवकर मार्गी लागते. सोसायटीचा एखादा वाद उपनिबंधकांकडे किंवा न्यायालयात जाण्याची शक्यता असेल तर त्या भागाची बँकेने प्रमाणित केलेली प्रत मागा. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखाली पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाते ती अशी प्रत. फोटोवरून तुम्ही केलेली यादी ऑडिटरच्या कामाला पुरते. उतारा हातात आला की पिवळे खाने त्याच्याशी ताडून पांढरे करा, आणि शेजारच्या टिपणीत उताऱ्याची तारीख लिहून ठेवा.